हजारातल्या एका वर्षाचा हिशेब

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया, बंदरातल्या लोकांच्या तोंडचे ‘जीटीआय’, ठप्प झाले. क्रेनना काहीही झाले नव्हते, धक्काही जागेवर होता. बंद पडले होते ते संगणक. कोणता डबा यार्डात कुठे ठेवला आहे, तो जहाजावर कितव्या क्रमाने चढवायचा आहे आणि गेटवर उभा असलेला ट्रेलर नेमका काय न्यायला आला आहे, हे सारे त्यांनाच ठाऊक असते. ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला होता. तो मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि त्याच समूहाच्या एपीएम टर्मिनल्समार्फत रॉटरडॅम, लॉस एंजेलिस आणि उरण तालुक्यातल्या या धक्क्यापर्यंत पोहोचला. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. जगभरच्या कामकाजाचे मिळून नुकसान २० ते ३० कोटी डॉलर होईल, असे कंपनीने त्या ऑगस्टमध्ये सांगितले. तेव्हाच्या दराने हे साधारण तेराशे ते एकोणीसशे कोटी रुपये होतात.

आता अशा एखाद्या टर्मिनलच्या वित्त अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. चुका, बिघाड, चोऱ्या, अपघात आणि असले हल्ले यांतून वर्षभरात होणारे नुकसान सोसण्यासाठी किती पैसा हाताशी असावा, असे संचालक मंडळ त्याला विचारते. गेल्या पाच वर्षांची सरासरी सांगणे सोपे आहे. पण २०१६ च्या अखेरीस काढलेल्या सरासरीत २०१७ चा जून कुठेच नसतो.

बँकांना हाच प्रश्न नियमाने सोडवावा लागला. कर्ज बुडणे किंवा बाजारभाव पडणे यांहून वेगळी, माणसे, यंत्रणा, कामाच्या पद्धती आणि बाहेरच्या घटना यांतून उद्भवणारी जोखीम ती ऑपरेशनल रिस्क. तिच्यासाठी भांडवल वेगळे राखले पाहिजे, असे २००४ च्या ‘बासेल २’ नियमांनी ठरवले. ज्या बँकांना स्वतःचे मॉडेल वापरायचे असेल त्यांच्यासाठी अट कडक होती. एका वर्षाचे एकूण नुकसान ९९.९ टक्के खात्रीने ज्याच्या आत राहील तो आकडा काढायचा. हजार वर्षांपैकी नऊशे नव्व्याण्णव वर्षे पुरेल आणि एकच वर्ष पुरणार नाही, इतका पैसा. हा आकडा काढण्याची जी रीत सर्वांत जास्त चालली तिचे नाव लॉस डिस्ट्रिब्यूशन अप्रोच, म्हणजे नुकसान-वितरण पद्धत. विमा गणिती ती आधीपासून वापरत होते. क्रेडी लियोने या फ्रेंच बँकेतल्या फ्राशो, जॉर्ज आणि रोंकाली यांनी २००१ मध्ये ती बँकांसाठी मांडली. बंदरांवर असा नियम नाही, पण गणित तेच लागू पडते, आणि बंदरात ते बँकेपेक्षा डोळ्यांना जास्त दिसते.

या पद्धतीतला मुख्य विचार असा की, वर्षाच्या एकूण नुकसानीकडे थेट बघायचे नाही. वार्षिक एकूण हाती असतात पाच किंवा दहा, आणि दहा आकड्यांवरून हजारातल्या एका वर्षाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून प्रश्न दोन तुकड्यांत फोडायचा. वर्षात घटना किती वेळा घडतात, ही वारंवारता. घडली तर एका घटनेत किती जाते, ही तीव्रता. दोन्हींसाठी स्वतंत्र वितरण बसवायचे आणि मग ती एकत्र करायची. हे प्रत्येक प्रकारच्या घटनेसाठी वेगळे करतात, कारण डब्याला पडलेला पोचा आणि संगणकावरचा हल्ला एकाच मापाने मोजता येत नाहीत. बासेलच्या नियमांत घटनांचे सात प्रकार आणि धंद्याच्या आठ शाखा होत्या, म्हणजे छप्पन कप्पे. आपल्याला दोनच पुरेत. पुढचे टर्मिनल आणि त्याचे आकडे काल्पनिक आहेत. हिशेब मात्र खरा आहे.

पहिला कप्पा रोजच्या ठोकाठोकीचा. स्प्रेडर नीट न बसता डबा उचलला गेला, ट्रेलर आरटीजी क्रेनच्या पायाला घासला, रीफर डब्याचा प्लग निघाल्यामुळे आतला माल खराब झाला. समजा नोंदवहीत वर्षाला सरासरी १२० अशा घटना आहेत. त्या एकमेकींवर अवलंबून नसतील, तर वर्षातला आकडा प्वासाँ वितरणाने चालतो आणि बहुतेक वर्षी १०० ते १४० च्या दरम्यान राहतो. पावसाळ्यात घटनांची गर्दी होत असेल आणि एखादे वर्ष ९०, एखादे १८० असे निघत असेल, तर प्वासाँ पुरत नाही आणि जास्त पसरट असे ऋण-द्विपद वितरण घ्यावे लागते. या निवडीवर तासन्‌तास वाद घालणारे लोक असतात. त्या वादाला फारसे महत्त्व का नाही, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

तीव्रतेसाठी लॉग-नॉर्मल वितरण घेऊ. याला दोन आकडे लागतात. एक मधला आकडा, ज्याच्या खाली निम्म्या घटना आणि वर निम्म्या. दुसरा पसारा. नुकसानीचे आकडे पटीत वाढतात म्हणून पसाराही पटीत मोजतात. पसारा १ असेल, तर मधल्या आकड्यापासून एक पायरी वर गेल्यावर नुकसान २.७ पट होते, पसारा २ असेल तर जवळजवळ साडेसात पट. शंभरातल्या सोळा घटना एका पायरीच्या वर असतात आणि दोन-तीन घटना दोन पायऱ्यांच्या वर. ठोकाठोकीत मधला आकडा १ लाख रुपये आणि पसारा १ धरू. मग एका घटनेची सरासरी सुमारे १.६५ लाख आणि वर्षाची सरासरी १.९८ कोटी येते. आणि हजारातले एक वाईट वर्ष? सुमारे ३.१ कोटी. सरासरीच्या दीडपटीहून थोडे जास्त, बस. घटना इतक्या आहेत की एकीचे जास्त दुसरीच्या कमीत मुरते. या कप्प्यामुळे कोणाची झोप उडत नाही. हे नुकसान म्हणजे धंद्याचा खर्चच, तो दरात धरलेला असतो.

दुसरा कप्पा संगणक यंत्रणा बंद पडण्याचा. इथे दोन वर्षांत सरासरी एक घटना धरू, म्हणजे वारंवारता ०.५. मधला आकडा ४० लाख, कारण बहुतेक वेळा यंत्रणा काही तासांत परत सुरू होते. पण पसारा २. म्हणजे एक पायरी वर साधारण ३ कोटी आणि दोन पायऱ्या वर जवळजवळ २२ कोटी. एका घटनेची सरासरी २.९६ कोटी, वर्षाची सरासरी १.४८ कोटी. सरासरी पाहणाऱ्याला हा कप्पा पहिल्याहून लहान वाटेल.

दोन्ही वितरणे एकत्र करण्यासाठी सूत्र सहसा मिळत नाही, म्हणून संगणकावर खोटी वर्षे खेळवतात. एक वर्ष सुरू करायचे. वारंवारतेच्या वितरणातून घटनांची संख्या काढायची, समजा २ आली. तीव्रतेच्या वितरणातून दोन रकमा काढायच्या, समजा १८ लाख आणि १.१ कोटी. बेरीज १.२८ कोटी, ते वर्ष संपले. असे दहा लाख वेळा करायचे आणि सगळ्या बेरजा उतरत्या क्रमाने लावायच्या. वरून हजारावी बेरीज म्हणजे आपला ९९.९ टक्क्यांचा आकडा. यादृच्छिक संख्या नको असतील तर हॅरी पॅन्यर यांनी १९८१ मध्ये दिलेली एक क्रमवार रीत आहे, तीही तिथेच नेते.

दुसऱ्या कप्प्याच्या दहा लाख वर्षांपैकी सुमारे सहा लाख सात हजार वर्षांत काहीच घडत नाही, नुकसान शून्य. म्हणजे ‘नेहमीचे’ वर्ष शून्याचे. आणि वरून हजारावे वर्ष सुमारे १२६ कोटींचे. खेळ पुन्हा केला तर दोन-तीन कोटी इकडे-तिकडे होतात. सरासरी १.४८ कोटी आणि वाईट वर्ष तिच्या पंच्याऐंशी पट! दोन्ही कप्पे एकत्र केले तरी आकडा १३० च्या आसपासच राहतो. ज्या कप्प्यात वर्षाला १२० नोंदी होतात, तो या आकड्यात जेमतेम दिसतो.

हे असे का होते, हे कळले की सारी पद्धत उलगडते. १२६ कोटींची वर्षे उघडून पाहिली, तर त्यांत पंधरा मध्यम घटना एकत्र आलेल्या दिसत नाहीत. दिसते ती एकच राक्षसी घटना, तिच्या सोबत फार तर एखादी किरकोळ. पसारा मोठा असला की वाईट वर्ष हे एका वाईट दिवसाचे असते. त्यामुळे दहा लाख वर्षे न खेळवताही उत्तर जवळपास काढता येते. बोकर आणि क्ल्यूपेलबर्ग यांनी २००५ मध्ये हा आडाखा बँकांसाठी मांडला. हजारातले एक वर्ष हवे आणि वर्षाला घटना अर्धी, तर हजार वर्षांत घटना पाचशे. त्या पाचशेंतली सर्वांत मोठी एक घटना, म्हणजे एका घटनेच्या वितरणातली ९९.८ टक्क्यांची पातळी, हेच साधारण उत्तर. लॉग-नॉर्मलमध्ये ही पातळी २.८८ पायऱ्या वर असते. ४० लाखांपासून तितक्या पायऱ्या वर गेले की १२६ कोटी येतात. वित्त अधिकारी हा हिशेब खिशातल्या कॅल्क्युलेटरवर करू शकतो आणि सल्लागाराच्या जाडजूड अहवालातला आकडा याच्या जवळपास नसेल तर कारण विचारू शकतो. मला या विषयातली ही सर्वांत उपयोगाची गोष्ट वाटते.

याच आडाख्यातून वारंवारतेच्या वादाचे मोलही कळते. घटना दुप्पट धरल्या, दोन वर्षांत एकऐवजी दरवर्षी एक, तर १२६ चे १९३ कोटी होतात. दुप्पट चुकीवर दीडपट फरक. पण पसारा २ ऐवजी २.३ धरला, म्हणजे फक्त पंधरा टक्के चूक केली, तर १२६ चे ३०० कोटी होतात. १.७ धरला तर ५३ कोटी. सगळा आकडा पसाऱ्यावर टांगलेला आहे.

मग पसारा किती खात्रीने मोजता येतो? दोन वर्षांत एक घटना या हिशेबाने वीस घटना जमायला चाळीस वर्षे लागतात. न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदरच २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, आणि जीटीआय त्यानंतर सतरा वर्षांनी. तरीही समजा आपल्या काल्पनिक टर्मिनलकडे वीस घटनांची स्वच्छ नोंद आहे. वीस नोंदींवरून काढलेल्या पसाऱ्यात साधारण ०.३ ची चूक सहज असते. म्हणजे १.७ ते २.३ ही सारी पट्टी त्याच नोंदींशी जुळते, आणि उत्तर ५३ पासून ३०० कोटींपर्यंत कुठेही असू शकते. ती पट्टीही पक्की नाही. तीनांत एकदा खरा पसारा तिच्या बाहेर असतो.

याची एक सोपी परीक्षा आहे, आणि कोणताही आकडा मान्य करण्यापूर्वी ती घ्यावी. यादीतली सर्वांत मोठी घटना वगळून सारे पुन्हा काढायचे. आपल्या वीस घटनांमध्ये सर्वांत मोठी साधारण १७ कोटींची असेल. ती काढली तर मधला आकडा ३३ लाखांवर येतो, पसारा १.८५ वर, वारंवारताही किंचित घटते, आणि उत्तर १२६ वरून ६६ कोटींवर येते. सतरा कोटींची एक घटना साठ कोटी हलवते. बँकांमध्ये हे प्रत्यक्ष घडत असे. एका तिमाहीत एक मोठा दंड किंवा घोटाळा नोंदला की भांडवल उडी मारायचे, आणि तो नोंदीच्या काळाबाहेर सरकला की कोसळायचे. जोखीम दोन्ही वेळी तीच असायची.

पसारा लहान दाखवण्याचा मोह तर नोंदवहीतच दडलेला असतो. ७ ऑगस्ट २०१० ची टक्कर पाहा. न्हावा शेवाहून निघालेले एमएससी चित्रा हे कंटेनर जहाज आणि मुंबई बंदराकडे येणारे खलिजिया-३ मुंबईच्या बाहेर एकमेकांवर आदळले. चित्रा कलंडले आणि त्याच्यावरच्या बाराशेहून अधिक डब्यांपैकी सुमारे तीनशे समुद्रात पडले. तरंगणारे आणि बुडालेले डबे वाटेत असताना जहाज आणणार कसे? मुंबई आणि न्हावा शेवा यांचा मुख्य जलमार्ग एकच, त्यामुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद राहिली. न्हावा शेवातल्या एखाद्या टर्मिनलने यात काहीही चूक केली नव्हती. त्याने नोंदवहीत काय लिहायचे? बँकांच्या रिवाजाप्रमाणे बुडालेले उत्पन्न हे नुकसान म्हणून धरत नाहीत. धरतात तो प्रत्यक्ष झालेला जादा खर्च. तो नियम इथे लावला, तर रिकाम्या धक्क्याचे काही दिवस नोंदवहीत ओव्हरटाइमच्या एका किरकोळ आकड्याएवढे उरतात. सर्वांत मोठी घटना लहान होऊन बसते आणि पसारा आपोआप आक्रसतो. दुसरी चूक वेगळ्या प्रकारची आहे. नॉटपेट्यासारख्या एकाच हल्ल्यात कंपनीची पाच टर्मिनले बंद पडली आणि पाच व्यवस्थापकांनी पाच नोंदी केल्या, तर वारंवारता फुगते आणि तीव्रता तुकड्यांत वाटली जाते. मुळाशी कारण एक, तर घटनाही एक, असे धरावे लागते. आपण पाहिलेच की या पद्धतीत एक मोठी घटना आणि तिचे पाच तुकडे यांचे वजन सारखे नसते.

स्वतःच्या नोंदी पुरत नाहीत म्हणून बाहेरच्या घटना आणतात. सहकारी बँकेला कॉसमॉस बँकेचे उदाहरण समोर ठेवावे लागते. पुण्याच्या या बँकेच्या संगणक यंत्रणेत शिरून चोरांनी ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रक्कम पळवली. टर्मिनलला मर्स्कचे उदाहरण आहे. पण मर्स्कचे नुकसान जगभरच्या जहाजांचे आणि धक्क्यांचे. एका धक्क्याच्या यादीत ते आणताना कोणत्या मापाने लहान करायचे? डब्यांच्या संख्येने की बंद राहिलेल्या दिवसांनी? प्रत्येक माप वेगळा पसारा देते. आणि बातमीत येतात त्या फक्त मोठ्याच घटना. त्या जशाच्या तशा मिसळल्या तर किरकोळ बिघाड जणू होतच नाहीत असे चित्र उभे राहते.

दुसरा मार्ग माणसांना विचारण्याचा. पण ‘हजार वर्षांतले नुकसान किती?’ असा प्रश्न यार्ड सुपरवायझरला किंवा संगणक विभागाच्या प्रमुखाला विचारण्यात अर्थ नाही. त्यांना वीस वर्षांचा अनुभव असतो, तोच विचारावा. आपल्या मॉडेलप्रमाणे वीस वर्षांतून एकदा येणारी घटना सुमारे ५ कोटींची, शंभर वर्षांतली २४ कोटींची आणि हजार वर्षांतली १२६ कोटींची. पहिल्या आकड्यावर जुने लोक ठाम बोलू शकतात: “पाच कोटी? गेट तीन दिवस बंद राहिला तरच.” दुसऱ्या आकड्यावर तर्क करता येतो. तिसरा मात्र अनुभवातून आलेलाच नाही. पहिल्या दोहोंमधून काढलेली रेघ लॉग-नॉर्मलने पुढे ओढली आहे, एवढाच त्याचा आधार. लॉग-नॉर्मलच्या जागी परेटोचे वितरण घेतले, तर पहिले दोन आकडे जवळपास तेच ठेवून तिसरा कितीतरी वर नेता येतो. काही बँकांच्या नोंदींवर परेटो बसवल्यावर एका घटनेची सरासरीच अनंत निघे. नेश्लेहोवा, एम्ब्रेश्ट्स आणि शावेझ-डेमुलां यांनी २००६ मध्ये यावर शोधनिबंध लिहून सावध केले होते. पृथ्वीवरच्या एकूण पैशापेक्षा जास्त नुकसान दाखवणारे मॉडेल गणिताने बरोबर असले, तरी टर्मिनलच्या कामाचे नाही. धक्क्याचे नुकसान त्याच्या स्वतःच्या किमतीपाशी, देण्यांपाशी कुठेतरी थांबतेच.

हे सारे पाहता बासेल समितीने डिसेंबर २०१७ मध्ये भांडवलाच्या नियमातून बँकांची स्वतःची मॉडेले काढून टाकली, यात नवल नाही. सारख्या धंद्याच्या दोन बँकांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नव्हते. त्यांच्या जागी उलाढालीवर आधारलेले एक ठरावीक सूत्र आले. रिझर्व्ह बँकेचा त्या धर्तीवरचा निर्देश जून २०२३ मध्ये निघाला. मॉडेले बँकांच्या आतल्या हिशेबात आणि विमा कंपन्यांत टिकून राहिली. मला वाटते, तिथेच ती जास्त कामाची आहेत. किती भांडवल हवे, याचे नेमके उत्तर ती देऊ शकत नाहीत. पण पैसा कुठे खर्च केला तर काय होईल, याची तुलना करताना पसाऱ्याची चूक दोन्ही बाजूंना सारखीच असते, त्यामुळे ती कमी नडते.

आपल्या टर्मिनलसमोर दोन प्रस्ताव आहेत असे धरा. पहिला सुरक्षेचा: चांगला फायरवॉल, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण. त्यातून यंत्रणा बंद पडण्याच्या घटना निम्म्या होतील. वारंवारता ०.५ ची ०.२५ झाली की हजारातले वाईट वर्ष १२६ वरून ८० कोटींवर येते. दुसरा प्रस्ताव घटना रोखण्याचा नाहीच. यार्डाचा नकाशा आणि डब्यांची यादी ठरावीक वेळाने मुख्य जाळ्यापासून तोडलेल्या संगणकावर उतरवायची, त्या यादीवरून कागदावर गेट चालवण्याचा सराव करायचा आणि काहीही झाले तरी ठरावीक दिवसांत धक्का पुन्हा सुरू होईल अशी तजवीज करायची. घटना पूर्वीइतक्याच होतील, पण एका घटनेचे नुकसान, समजा, १५ कोटींच्या पलीकडे जाणार नाही. हे मॉडेलमध्ये घातले तर वाईट वर्ष २० कोटींच्या आसपास येते. वर्षाची सरासरी पाहणाऱ्याला पहिला प्रस्ताव जास्त कामाचा वाटू शकतो, कारण रोजचे अडथळे त्यानेच कमी होतात. मोठ्या आकड्याला मात्र दुसराच हलवतो. शिवाय १.७, २, २.३ यांपैकी कोणताही पसारा घेतला तरी हा क्रम बदलत नाही.

मर्स्कच्या बाबतीत अशी मर्यादा योगायोगाने आली होती. त्यांच्या जाळ्याचा पाया असलेली नोंद सगळीकडे पुसली गेली. तिची एक प्रत घानातल्या कार्यालयात वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. नियोजनाने ठेवलेल्या प्रती एकमेकींशी सतत जोडलेल्या होत्या, त्यामुळे एक गेली तशा सगळ्या गेल्या. मॉडेलच्या भाषेत, स्वतंत्र धरलेल्या घटना स्वतंत्र नव्हत्या.

ही मर्यादा विम्याच्या पॉलिसीतून विकत घेता येईल असे वाटते. ५ ते १५ कोटींच्या थरासाठी ते बऱ्याच अंशी खरेही आहे, विमा कंपनीलाही त्या थराचा भाव लावता येतो. त्याच्या वर गेल्यावर पॉलिसीतली कलमे वाचावी लागतात. नॉटपेट्याचा फटका बसलेल्या मॉन्डेलीझ या खाद्यपदार्थांच्या कंपनीला तिच्या विमा कंपनीने, झुरिचने, भरपाई नाकारली. हा हल्ला म्हणजे युद्धसदृश कृती, आणि युद्ध पॉलिसीत बसत नाही, असे तिचे म्हणणे होते. २०१८ मध्ये सुरू झालेला हा खटला २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. मर्क या औषध कंपनीलाही आपल्या विमा कंपन्यांशी असाच वाद घालावा लागला आणि न्यू जर्सीच्या न्यायालयांनी तिच्या बाजूने कौल दिला, पण घटनेनंतर कित्येक वर्षांनी. तेव्हा टर्मिनलच्या मॉडेलमध्ये विम्याची रक्कम वजा करताना ती वेळेवर हाती येईल का, यालाही एक शक्यता लावावी लागते, आणि ती शक्यता सर्वांत कमी असते नेमकी त्या हजारातल्या एका वर्षी.